हॉल थंड आणि बाथरूम तापलेलं: मॅनिफोल्डवरचे फ्लो मीटर कसे वाचायचे आणि कसे सेट करायचे?

जर्मनीत नव्या घरात आलोय, हीट पंप आहे. फरशीखालच्या हीटिंगचं पाणी वाटणाऱ्या मॅनिफोल्डच्या पेटीत चार फ्लो मीटर आहेत. एकावर २.५ दिसतं, दुसऱ्यावर कधी कधी शून्य. कुठला बिघडलाय?

उत्तर

बहुधा एकही नाही. प्रत्येक मीटर एका लूपचा, म्हणजे फरशीखालच्या पाइपच्या एका वेटोळ्याचा असतो. खोली पुरेशी तापली की थर्मोस्टॅट तिच्या लूपचा ॲक्च्युएटर (रिटर्नच्या पट्टीवरचा पांढरा डबा) बंद करतो आणि मीटर शून्यावर येतो. त्यामुळे वाचण्याआधी सगळ्या खोल्यांचे थर्मोस्टॅट कमाल करा, पाचेक मिनिटं थांबा, मग बघा. एखादं लूप बंद असताना घेतलेले आकडे काही कामाचे नाहीत.

बहुतेक मीटरवर शून्य वरच्या टोकाला असतं आणि पाणी वाहू लागलं की चकती खाली सरकते. आकडा लिटर प्रति मिनिट असतो. चकतीची वरची कड वाचायची की खालची, हे मॉडेलप्रमाणे बदलतं. माझी युक्ती अशी: ते लूप पूर्ण बंद करा आणि जी कड शून्याच्या रेघेवर बसेल ती वाचा. यातच मीटरची परीक्षाही होते. लूप बंद करूनही चकती १ किंवा २ वर अडकून राहिली, तर ती गाळाने चिकटली आहे, आकड्यावर विसंबू नका. डोळे मात्र मीटरच्या पातळीत ठेवा. वाकून वरून पाहिलं की आकडा चुकतो.

आता बाथरूम का तापतं? पाणी कालव्याच्या पाण्यासारखंच: तोंडाशी असलेला पोटभर घेतो आणि टेलच्या शेतकऱ्याला शिंतोडे. माझ्या घरी हॉलला ९० मीटरची दोन लूप आहेत, बेडरूमला ७० मीटर, बाथरूमला ३५. सगळं उघडं होतं तेव्हा हॉलच्या प्रत्येक लूपला १.५ आणि बाथरूमला २.५ जात होतं. लहान लूपचा विरोध कमी, म्हणून पाणी तिकडे पळतं.

कुणाला किती हवं, ते खोलीच्या गरजेवरून काढा. पुरवठ्याच्या आणि परतीच्या पाण्यात ५ अंशांचा फरक धरला (हीट पंपाला हे ठीक), तर वॉट भागिले ३५०, इतकं सोपं. हॉलला १४०० वॉट, म्हणजे प्रत्येक लूपला ७००, म्हणजे २ लिटर. बेडरूमला ५००, म्हणजे १.४. बाथरूमला २५०, म्हणजे ०.७. हे वॉट बिल्डरने दिलेल्या हीटिंगच्या आराखड्यात असतात. आराखडा नसेल तर सर्वांत लांब लूप पूर्ण उघडं ठेवून बाकीच्यांना लांबीच्या प्रमाणात पाणी द्या. सुरुवातीला तेवढं चालतं.

मी हॉलची दोन्ही लूप पूर्ण उघडी ठेवली आणि बाथरूम आवळायला घेतलं. कुठे मीटरची नळीच फिरते, कुठे टोपी काढून खालची रिंग फिरवायची असते. पाना लावू नका, हाताने हळू. बाथरूम ०.७ वर आणलं, बेडरूम १.४ वर, तर हॉलचे मीटर आपोआप १.८ पर्यंत सरकले. लूपमध्ये पाणी फिरवणाऱ्या पंपाची एक पायरी वाढवल्यावर २ झाले. पण तेवढ्यात बाथरूम पुन्हा ०.९ वर गेलेलं! एकाला हात लावला की सगळे हलतात, म्हणून दोन-तीन फेऱ्या धरूनच चाला. उलट, सगळीच लूप आवळावी लागत असतील, तर पंप गरजेपेक्षा जोरात चाललाय. तोच कमी करा.

मग एक दिवस काही करू नका. पाइपांवर पाच-सहा सेंटिमीटर काँक्रीटचा थर असतो, तो सावकाश तापतो. मी पहिल्या हिवाळ्यात दर तासाला रिंग फिरवत होतो आणि काहीच कळत नव्हतं. थर्मोस्टॅट अजूनही कमालच असू द्या आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक परतीच्या पाइपला हात लावा, किंवा क्लिपचा थर्मामीटर. माझ्याकडे पुरवठा ३५ होता, हॉलची परत ३० आणि बाथरूमची ३३. म्हणजे बाथरूमला अजून जास्त जात होतं, ते ०.१ ने कमी केलं.

थर्मोस्टॅट उघडा, ॲक्च्युएटर उघडा, तरी एकाच लूपचा मीटर शून्य दाखवत असेल, तर आधी चिकटलेली व्हॉल्व्हची पिन किंवा हवा. ॲक्च्युएटर काढून पिन बोटाने दाबा; ती परत वर यायला हवी. आली, आणि नळीत गुरगुर ऐकू येत असेल, तर हवाच. बाकीची लूप बंद करून पंपाचा सगळा जोर त्या एकावर लावा, आणि पेटीच्या टोकाच्या एअर व्हेंटमधून हवा काढा. भाड्याचं घर असेल तर यासाठी घरमालकाचा हीटिंगवाला बोलवा, कारण नंतर सिस्टीमचा दाब पुन्हा भरावा लागतो.

आणि सगळ्याच खोल्या सारख्याच थंड असतील, तर मीटरला हात लावूच नका. तिथे पुरवठ्याचं तापमान कमी पडतंय, हीट पंपाची हीटिंग कर्व्ह, म्हणजे बाहेरच्या थंडीप्रमाणे पुरवठ्याचं तापमान ठरवणारी सेटिंग, वाढवावी लागेल.