पिंपातल्या अळ्या कोणत्या डासाच्या, कसं ओळखायचं?

प्रश्न: आमच्या पिंपात अळ्या झाल्यात, डेंग्यूच्या डासाच्या आहेत की साध्या, घरी कळेल का?

हो, बऱ्यापैकी कळतं. थोडं पाणी पांढऱ्या वाटीत घ्या आणि न हलवता दोन मिनिटं थांबा, अळ्या श्वास घ्यायला वर येतात. पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहिली तर अॅनोफिलीस म्हणजे मलेरियावाला, त्याच्या अळीला शेपटीकडे श्वास घ्यायची लांबट नळीच नसते. डोकं खाली करून लटकली तर एडिस किंवा क्युलेक्स, मग शेपटीकडची नळी भिंगातून बघा, आखूड जाडसर असेल तर एडिस (डेंग्यूवाला), लांब बारीक असेल तर क्युलेक्स. नुसत्या लटकण्याच्या कोनावर जाऊ नका, तिथेच लोक फसतात, आणि अगदी बारीक अळ्या असतील तर दोन दिवस वाटी झाकून वाढू द्या.

अंडी बघायची तर क्युलेक्सची शेकडो एकत्र चिकटून काजळीच्या कणासारखा छोटा तराफा तरंगतो, अॅनोफिलीसची सुटी, होडीसारखी, दोन्ही बाजूंना हवेचे फुगे असलेली. एडिस मात्र पाण्याच्या रेषेच्या जरा वर ओल्या भिंतीला सुटी काळी अंडी चिकटवतो, ती सुकूनही महिनोन्महिने जगतात, म्हणून पिंप नुसतं रिकामं करू नका, आतून काथ्याने घासाच.