‘इजा करू नका’ आणि ‘उपचार करा’

प्रश्न (खानापूर): इजा होऊ नये हा हक्क आणि उपचार मिळावेत हा हक्क, दोन्हींत शेवटी जीवच वाचवायचा. मग फरक कसला?

उत्तर: पहिला नकारात्मक हक्क. तो पाळायला हात आवरला की झालं. अख्खं बेळगाव तुमच्या बाबतीत तो झोपेतसुद्धा पाळू शकतं. दुसरा सकारात्मक. डॉक्टर, खाट, पैसा यांची सोय कुणीतरी केल्याशिवाय तो पुरा होत नाही, म्हणून तिथे आधी विचारावं लागतं: हे कुणी करायचं? (नकारात्मक हक्कही फुकटचा नाही, पोलीस आणि कोर्ट पोसावेच लागतात.) दवाखान्यात दोन्ही लागू असतात. फक्त तपासणीला संमती दिलेल्या बाईचं गर्भाशय भुलीखाली असताना काढलं, अशा प्रकरणात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरला भरपाई द्यायला लावली. बाहेर आईची संमती घेतली होती, पण ती चालली नाही.

प्रश्न (निपाणी): अपघातानंतर रात्री भावाला सरकारी दवाखान्यातून ‘बेड नाही’ म्हणून परत पाठवलं. त्यांनी इजा तर केली नाही. मग कशाच्या जोरावर भांडायचं?

उत्तर: घटनेच्या कलम 21च्या. त्याचे शब्द नकारात्मकच आहेत: कायद्याने ठरवलेल्या पद्धतीशिवाय कुणाचं जीवित हिरावता येणार नाही. पण 1992 मध्ये पश्चिम बंगालात एक शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला जबर मार बसला. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून कोलकात्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांपर्यंत त्याला फिरवलं. कुठे सोय नाही, कुठे खाट नाही. शेवटी खासगीत सुमारे 17 हजार रुपये गेले. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, गरजेच्या वेळी सरकारी रुग्णालयाने उपचार न देणं हाच कलम 21चा भंग आहे आणि पैशाची अडचण ही सबब नाही. भरपाई 25 हजार. रस्त्यावरून जाणाऱ्याने नुसतं पाहत राहणं आणि रुग्णालय चालवणाऱ्या सरकारने परत पाठवणं एक नव्हे. तातडीच्या वेळी खासगी डॉक्टरनेही आधी जीव वाचवायचा, हे 1989 चा निकाल सांगतो. तेव्हा केसपेपर, पोचल्याची वेळ, नकाराचं कारण लेखी मागा.

मर्यादा मात्र ओळखा. 1997 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने मूत्रपिंड कायमचं निकामी झालेल्या रुग्णाची डायलिसिसची मागणी फेटाळली. यंत्रं मोजकीच होती आणि हा उपचार तातडीचा नसून कायम चालणारा होता. निकाल मनाला लागतो, पण यंत्रं नसताना कुणाला आधी द्यायचं हा प्रश्न इजेच्या हक्कात कधी येतच नाही.

प्रश्न (बेळगाव तालुका): 2023 मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या 865 गावांना फुले आरोग्य योजना जाहीर केली, कर्नाटकाने हरकत घेतली. यात आमचा हक्क कुठला?

उत्तर: सार्वजनिक आरोग्य राज्यांच्या यादीत आहे, त्यामुळे उपचारांचं देणं कर्नाटकाचं. महाराष्ट्राने दिलं ते जादा. उद्या बंद केलं तर त्याला इजा म्हणता येणार नाही. पण दुसऱ्याने देऊ केलेला उपचार तिसऱ्याने अडवला, तर ते मदत न करणं राहत नाही, ती माझ्या मते आडकाठी ठरते, आणि तिथे नकारात्मक हक्कच मोडतो.