टाइल्सचे बॉक्स कमी निघाले: पार्टीला कसं कळवायचं

प्रश्न: मोरबीहून 2×2 टाइल्सचे 600 बॉक्स मागवले, गाडी खाली करताना 588च भरले. पार्टीला कसं सांगू? माल मागू की क्रेडिट नोट?

माझं टाइल्सचं दुकान आहे, हे माझ्याही बाबतीत झालंय. ड्रायव्हर अजून दारात असेल तर त्याला थांबवा. दहा-दहाची थप्पी लावून त्याच्यासमोर पुन्हा मोजा. मग बिल्टीच्या पोचेवर स्वतःच्या हाताने लिहा: ‘600 पैकी 588 बॉक्स मिळाले, 12 कमी.’ तारीख, गाडी नंबर, तुमची सही आणि ड्रायव्हरची सही. नुसती ‘माल मिळाला’ म्हणून सही दिलीत की पुढचं सगळं अवघड होतं. आम्ही एकदा घाईत तशी सही दिली आणि कंपनी व ट्रान्सपोर्टवाला महिनाभर एकमेकांकडे बोट दाखवत राहिले.

त्याच दिवशी फॅक्टरीच्या काट्याची पावती मागा. पूर्ण गाडी एकाच मालाची असेल तर हिशोब सोपा आहे. तुमच्याकडचा एक बॉक्स वजन करा. समजा 27 किलो भरला, तर 600 बॉक्सचे 16,200 किलो आणि 588चे 15,876. फॅक्टरीच्याच पावतीवर निव्वळ वजन 15,880च्या आसपास असेल, तर ते 12 बॉक्स गाडीत चढलेच नाहीत. 16,200 असेल तर वाटेत गेले, मग ट्रान्सपोर्टलाही लेखी कळवा. बुकिंगपासून 180 दिवसांत लेखी नोटीस दिली नाही तर त्याच्यावर दावा करता येत नाही.

पार्टीला फोन कराच, पण लगेच मेलही टाका. मी असा लिहितो:

‘शेठ, बिल नं. __, गाडी नं. __. 600 बॉक्सचं बिल आहे, 588 मिळाले. शेरा मारलेली पोच आणि थप्प्यांचे फोटो जोडले आहेत. बॅच नं. __ मधलेच 12 बॉक्स पुढच्या गाडीने पाठवू शकाल का, हे दोन दिवसांत कळवा. नसतील तर 12 बॉक्सची जीएसटीसह क्रेडिट नोट द्या.’

माल की क्रेडिट नोट, हे बॅचवर ठरवा. एका गिऱ्हाइकाच्या हॉलसाठी माल असेल तर त्याच बॅचचेच बॉक्स हवेत. दुसऱ्या बॅचची शेड किंचित वेगळी निघते आणि फरशी बसल्यावर तो पट्टा उठून दिसतो. ती बॅच संपली असेल तर सरळ क्रेडिट नोट घ्या. 400 रुपये बॉक्स धरला तर 4,800 आणि 18 टक्क्यांनी 864, म्हणजे 5,664 रुपये. पार्टी ‘पुढच्या बिलात वळते करू’ म्हणेल, ते तोंडी ऐकू नका. जीएसटीचे 864 रुपये कमी व्हायचे तर क्रेडिट नोट त्यांच्या रिटर्नमध्ये चढली पाहिजे.

तोपर्यंत तुमच्या सीएला सांगून इनपुट क्रेडिट 588 बॉक्सचंच घ्या, कारण जो माल हाती आला नाही त्याचं क्रेडिट मिळत नाही.