मैत्रिणीच्या नव्या हॉटेलाबद्दल खरं कसं लिहावं?

प्रश्न : मैत्रिणीनं इंदुरात मराठी पदार्थांचं छोटं हॉटेल काढलंय. तिनं ‘खरं खरं सांग’ म्हटलंय. मी लिहून ठेवलंय : ‘मिसळ थंड आणि मिळमिळीत, खिचडी चिकट, वेळ फार लागला, भाव जास्त.’ असंच पाठवू का?

उत्तर : नका पाठवू. यात खोटं काही नाही, पण हे वाचून ती उद्या सकाळी स्वयंपाकघरात नेमकं काय बदलेल?

मी इथंच ऑर्डरीची जेवणं करते. काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या नव्या दुकानात मिसळ खाल्ली आणि म्हणाले, ‘कट फार तेलकट आहे.’ त्यानं दुसऱ्या दिवसापासून फोडणीचं तेल निम्मं केलं. रंग गेला, चव गेली, नेहमीची गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. नंतर मी आत उभी राहून पाहिलं तेव्हा कळलं. वाढणारा मुलगा पातेलं न ढवळता वरचा कट घेत होता. सुरुवातीच्या वाट्यांत नुसती तर्री, शेवटच्यांत पाणी. तेल बरोबरच होतं. मी जर ‘माझ्या वाटीत बोटभर तेल तरंगत होतं, शेजारच्या टेबलावर रस्सा पातळ दिसला’ एवढंच म्हटलं असतं, तर वाढताना डावानं पातेलं ढवळायला हवं हे त्याच्या लक्षात आलं असतं.

म्हणून तुमच्या ओळीतला शेरा काढा आणि तुम्ही काय पाहिलंत ते लिहा. कुठला वार, किती वाजता, ताटात काय आलं. कारण सुचत असेल तर अंदाज म्हणूनच सांगा, कारण आत काय चाललंय ते तिला माहीत आहे, तुम्हाला नाही.

‘मिसळ थंड’ आणि ‘वेळ फार लागला’ ही मला एकच तक्रार वाटते. दोन्ही पदार्थ एकदम आले होते का, आठवून बघा. तसं असेल तर मिसळ भरून तयार होती आणि खिचडी होईपर्यंत आत ताटकळली. त्यात रस्सा कोमट होतो आणि शेव मऊ पडते. ‘थंड’ एवढंच कळवलंत तर ती गॅस मोठा करेल, रस्सा आटून खारट होईल. खरा उपाय म्हणजे जे झालं ते आधी पाठवायचं, किंवा कट वेगळ्या वाटीत द्यायचा.

खिचडीचंही तसंच. साबुदाणा सगळीकडेच चिकट होता की खाली गोळा आणि वर मोकळा? सगळीकडे चिकट असेल तर भिजवताना पाणी जास्त झालं असेल. फक्त खाली गोळा असेल तर बहुधा खिचडी आधीच करून झाकून ठेवली होती आणि वाफेचं पाणी तळाशी उतरलं. हे दोन वेगळे दोष आहेत, ‘चिकट’ या शब्दात ते कळत नाहीत.

‘मिळमिळीत’ मात्र गाळाच. तुमच्या जिभेवर कोल्हापूर असेल, तिच्या गिऱ्हाइकाची जीभ उसळ-पोह्यांवर वाढलेली आहे. ते दोषात धरू नका. ‘भाव जास्त’ हेही तिनं भाडं आणि पगार बघून ठरवलेलं असतं. पण जादा पावाचे पैसे बिलात आले आणि कार्डावर लिहिलेले नव्हते, असं काही खटकलं असेल तर ते जरूर सांगा.

मी असं लिहीन :

‘अगं, शनिवारी दीडला आलो होतो. मिसळ आणि खिचडी बरोबरच आली, पंचवीसेक मिनिटांनी. शेव मऊ पडली होती, रस्सा कोमट होता. मिसळ खिचडीसाठी थांबली असेल का? खिचडी वर मोकळी होती, तळाशी गोळा. मटकी मात्र अगदी बरोबर शिजली होती, अख्खी आणि मऊ. तिला हात लावू नकोस.’

वार, वेळ, मिनिटं तुमची घाला, आणि मटकीच्या जागी तुम्हाला खरंच आवडलेलं काहीतरी. ती ओळ गोडीसाठी नाही. नव्या दुकानात एक टीका आली की माणूस घाबरून चांगलं चाललेलंही बदलतो, म्हणून काय तसंच ठेवायचं ते कळवावं लागतं.

मेसेज फक्त तिलाच पाठवा, मैत्रिणींच्या ग्रुपवर नको, आणि दुपारची गर्दी ओसरल्यावर, साडेतीन-चारला. उसळीला आंबूस वास आला किंवा ताटात केस निघाला तर मात्र थांबू नका. तिथंच तिला बाजूला घेऊन सांगा, मे महिन्यात तर लगेच, कारण त्याच पातेल्यातून पुढची ताटं जात असतात.

आणि पुढच्या वेळी गेलात की पुन्हा मिसळ-खिचडी एकत्रच मागवा. कुठली आधी येते ते बघा.