शांति की शांती? आणि कॅप्शनमधली ‘जहाती है’

प्रश्न : ‘इंदूरला आमच्या काकू गीतेवर मराठीतून बोलतात. त्याच्या व्हिडिओंना आपोआप आलेली कॅप्शन मी दुरुस्त करतोय. मशीन कधी बुद्धि लिहितं, कधी बुद्धी. कधी शांति, कधी शांती. बरोबर कोणतं? एकदाच “सगळीकडे बदला” केलं तर चालेल का? श्लोकाचं तर “बुद्धी युक्तो जहाती है उभे सुक्रुत दुष्कृते तस्मात योगाय युजस्व योगहा कर्मसु कौशलम” असं झालंय. शेवटी स्वच्छ एसआरटी फाइल हवी आहे. सबटायटल एडिट वापरतो.’

दोन्ही बरोबर आहेत, आपापल्या जागी. म्हणूनच डोळे मिटून ‘सगळीकडे बदला’ करू नका.

काकू मराठीत बोलत असतील तेव्हा संस्कृतातून आलेल्या शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ : बुद्धी, शांती, गुरू. पुढे प्रत्यय लागला तरी दीर्घच : बुद्धीने, शांतीचा, गुरूंनी. पण तोच शब्द समासात पुढे येऊन बसला की मूळचा ऱ्हस्व परत येतो : बुद्धियोग, शांतिपाठ, गुरुकृपा. आणि काकू श्लोक म्हणू लागल्या की मराठीचे नियम तिथे थांबतात. तिथे संस्कृताप्रमाणे बुद्धिः, शान्तिः. ‘बुद्धि’चं सरसकट ‘बुद्धी’ केलंत तर ‘बुद्धीमान’ आणि ‘बुद्धीयोग’ तयार होतील, आणि श्लोकातलं ‘बुद्धियुक्तो’ही बिघडेल. ‘फल’चं ‘फळ’ करतानाही हेच. मराठी वाक्यातलं फळ ठीक, पण ‘फलेषु’चं ‘फळेषु’ झालं तर ऐकणारा काही म्हणणार नाही, वाचणारा म्हणेल.

तेव्हा आधी श्लोक बाजूला काढा. श्लोक दुरुस्त करत बसू नका, छापील प्रतीवरून पुन्हा टाइप करा. त्याला कमी वेळ लागतो. तुमचा श्लोक दुसऱ्या अध्यायातला पन्नासावा. मशीनने काय केलंय ते पाहण्यासारखं आहे. ‘जहाति’ आणि ‘इह’ मिळून ‘जहातीह’ होतं. शेवटचा ‘ह’ संस्कृतात पूर्ण उच्चारतात. हिंदीला सरावलेल्या कानाला तिथे ‘है’ ऐकू आलं. (इंदुरात माणसांचंही असं होतं, मशीनला काय बोलायचं!) ‘योगः’मधला विसर्ग म्हणताना ‘योगह’सारखा ऐकू येतो, म्हणून ‘योगहा’. मराठीत ऋ आपण ‘रु’ म्हणतो, म्हणून ‘सुक्रुत’. पुढच्याच शब्दात मात्र ‘दुष्कृते’ नीट आलंय, म्हणजे मशीनच्या चुकीला नेमही नाही. ‘युज्यस्व’मधला य गळला, ‘तस्मात्’चा संधी सुटला, शेवटच्या म्‌चा पाय मोडायचा राहिला.

ओळी कुठे तोडायच्या? मशीन श्वासावर तोडतं, तुम्ही चरणावर तोडा. हा अनुष्टुभ आहे, चरणात आठ अक्षरं. दोन चरण एका पाटीत, दोन पुढच्या पाटीत :

```
41
00:03:12,400 --> 00:03:17,900
बुद्धियुक्तो जहातीह
उभे सुकृतदुष्कृते।

42
00:03:18,200 --> 00:03:24,000
तस्माद्योगाय युज्यस्व
योगः कर्मसु कौशलम्॥
```

वेळा इथे नमुन्यादाखल आहेत. तुमच्या तुम्ही ध्वनिपट्टी पाहून लावा. काकूंनी पहिला चरण दोनदा म्हटला असेल तर तो दोनदा लिहा.

श्लोक जागेवर बसले की मग मराठी. आता बदला-बदली करायला हरकत नाही, पण ‘पूर्ण शब्द’ या खुणेवर विसंबू नका. शब्द कुठे संपला हे ठरवताना पुष्कळशा सॉफ्टवेअरना आपल्या काना-वेलांट्या अक्षरांत मोजता येत नाहीत, आणि वेलांटीपाशीच शब्द संपला असं त्यांना वाटतं. त्याऐवजी ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ निवडून शोधायच्या चौकटीत हे घाला, आणि बदलीत नुसतं ‘बुद्धी’ :

```
बुद्धि(?![\u0900-\u0963])
```

अर्थ असा, की ‘बुद्धि’च्या पाठोपाठ दुसरं देवनागरी अक्षर किंवा चिन्ह नसेल तरच बदल. त्यामुळे बुद्धियोग, बुद्धिमान, बुद्धिः या तिघांना धक्का लागत नाही. मशीनने ‘बुद्धिने’ लिहिलं असेल तर तेही तसंच राहील. ते हाताने दीर्घ करा. शांति, भक्ति, गुरु यांच्यासाठी शब्द बदलून हेच वापरता येतं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण विसर्गाचं सांगतो, कारण फाइल खरी तिथे फुटते. दुःख, अंतःकरण, निःशंक या शब्दांत पुष्कळदा विसर्गाऐवजी कीबोर्डावरचा अपूर्णविराम पडलेला असतो. दिसायला सारखाच, पण अक्षर वेगळं, म्हणून शोधलं तर ‘दुःख’ सापडत नाही. नोटपॅडमध्ये फाइल उघडून सगळे अपूर्णविराम विसर्गात बदललेत, तर वेळेच्या ओळीतलेही बदलतात आणि एकही पाटी दिसत नाही. सबटायटल एडिटमधली बदली फक्त मजकुरात होते, वेळेला हात लावत नाही. तरी ‘१०:३०’सारखी मजकुरातली वेळ वाचवायला दोन्ही बाजूंना अक्षर आहे ना, ते तपासून घ्या :

```
([\u0904-\u094D]):([\u0904-\u0939])
```

बदलीत `$1ः$2`. शब्दाच्या शेवटचे विसर्ग यात येत नाहीत, पण ते बहुतेक श्लोकांतच असतात आणि ते तुम्ही आधीच टाइप केलेले आहेत.

काकूंची भाषा मात्र सुधारू नका. ‘केलं’चं मशीनने ‘केल’ केलं असेल तर अनुस्वार द्या, ‘केले’ करू नका. आणि त्या ‘अर्जुन घाबरून राहिला होता’ असं आपल्या इंदुरी वळणाने म्हणाल्या असतील, तर तेच राहू द्या. पुणेरी वाचक नाक मुरडेल, मुरडू दे. पाटीवर जे येतं ते कानावर पडलेलं असावं.

फाइल काढताना वरच्या पट्टीत फॉरमॅट `SubRip (.srt)` आणि एन्कोडिंग `UTF-8` आहे ना, एवढं पाहा. वेळेतले आकडे इंग्रजीच राहायला हवेत आणि मिलिसेकंदांआधी स्वल्पविरामच. तिथे टिंब दिसलं तर ती बहुधा वेबव्हीटीटीची पद्धत आहे. जतन केलेली फाइल बंद करून पुन्हा उघडा. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर एन्कोडिंग चुकून `ANSI` झालं होतं, आणि त्या फाइलीतून अक्षरं परत मिळत नाहीत. म्हणून मशीनची मूळ फाइल वेगळ्या नावाने ठेवूनच काम सुरू करा. कुठे तुटक रेघांचं वर्तुळ (◌) दिसलं तर तिथे काना किंवा वेलांटी अक्षरापासून सुटली आहे, बहुधा मध्ये जागा पडली आहे. शेवटी नाव व्हिडिओसारखंच द्या : `adhyay2.mp4`च्या शेजारी `adhyay2.mr.srt`. नोटपॅडमधून जतन केलीत तर मागे गुपचूप `.txt` लागलेलं नाही ना, तेही पाहून घ्या.