थकीत बिलासाठी हप्ते मागणारा ईमेल

प्रश्न: स्टील पुरवठादाराचे २,४०,००० रुपये थकलेत, एकरकमी जमत नाही. ईमेल कसा लिहू?

उत्तर: आधी पहिला हप्ता भरा, मगच ईमेल पाठवा. यूटीआर क्रमांक दिसला की समोरचा माणूस पुढचं शांतपणे वाचतो.

"सप्रेम नमस्कार. आपल्या तीन बिलांचे २,४०,००० रुपये देणे आम्हाला मान्य आहे. आमच्या मोठ्या ग्राहकाचे पैसे मार्चपासून अडकल्याने खात्यात पगार आणि वीजबिलापुरतीच रक्कम उरते. आज ४०,००० भरले, यूटीआर सोबत आहे. उरलेले २,००,००० जुलै ते ऑक्टोबर, दर १० तारखेला ५०,००० याप्रमाणे देऊ. तोवर नवा माल रोखीनेच घेऊ. मान्य असल्यास कृपया कळवावे."

हप्त्याची रक्कम त्या अडकलेल्या पैशांच्या भरवशावर मुळीच ठरवू नका. इतर ग्राहकांकडून नक्की येतं, त्यातून निघेल तेवढीच लिहा. पहिलीच तारीख चुकली तर पुढच्या तारखांवर कोणी विश्वास ठेवत नाही.

पाठवण्यापूर्वी दोघांचे खातेउतारे जुळवून घ्या. मुदतीच्या आत देणं लेखी मान्य केलं, की मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे वसुली दाव्याची ३ वर्षं तिथून नव्याने मोजतात, म्हणून वादातलं बिल असेल तर ते ईमेलमध्ये स्पष्ट वेगळं काढा.