हॉस्टेलचा प्लॅन करतोयस ना, मग हे बघ

अरे, तुझा प्लॅन पाहिला, मधे लांबलचक कॉरिडॉर आणि दोन्हीकडे खोल्या, हे लॉजसारखं होतंय. ६० मुलांचं हॉस्टेल आहे ना, मग १२-१२ जणांचे पाच गट कर, म्हणजे डबल शेअरिंगच्या सहा खोल्या आणि मधे एक छोटी लॉबी, साधारण ४ बाय ५ मीटर, सगळ्यांची दारं तिथेच उघडतील. दोन संडास, दोन बाथरूम आणि बाहेरच्या भिंतीला बेसिन नि कपडे वाळत घालायची बाल्कनी, ही बाल्कनी विसरलास तर पावसाळ्यात लॉबीतच दोऱ्या बांधतात पोरं, बघच तू.

आता रेक्टरचं. त्याची खोली मेन गेटला चिकटून देऊ नकोस, जिन्याच्या पायथ्याशी दे, कारण येणाराजाणारा प्रत्येक जण जिन्यावरूनच जातो, काचेची खिडकी ठेवलीस की बसल्या जागी कळतं कोण आलं कोण गेलं. मेस आणि टीव्ही रूमही जिन्यासमोरच्या त्याच चौकाला लागून घे. पण लॉबीत डोकावता येईल असं काही करू नकोस हां, तिथे पोरांना मोकळं वाटायला हवं, नाहीतर सगळे गच्चीवर जाऊन बसतात.

दुसरा जिना आगीसाठी लागणारच, आणि बरेच जण तिथे चुकतात, रात्री पोरं तिकडून सटकतात म्हणून रेक्टर सरळ कुलूप घालतो, जे भयंकर धोक्याचं आहे. त्यापेक्षा आतून ढकललं की उघडणारा पॅनिक बार लाव आणि उघडताच रेक्टरकडे बझर वाजेल असं कर.